रिग्रेशनच्या कोऱ्या चौकटी भरताना

राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या जुन्या प्रश्नसंचात रिग्रेशनचा एक तक्ता होता आणि त्याच्या निम्म्या चौकटी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. सरावासाठी बेतलेल्या त्या आकडेवारीत २५ ऊस उत्पादकांचे एकरी उत्पादन टनांत दिले होते आणि ते पाण्याच्या पाळ्या व खताचे किलो या दोन चलांवरून समजून घ्यायचे होते.

पहिल्या दोन चौकटी सहज भरल्या. टी-मूल्य म्हणजे सहगुणकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागून येणारी संख्या, म्हणून पाण्याच्या ओळीतील प्रमाण त्रुटी ०.३५ आणि टी-मूल्य २.४० यांचा गुणाकार करून सहगुणक ०.८४ मिळाला. खताच्या ओळीत सहगुणक ०.०५४ आणि प्रमाण त्रुटी ०.०३० छापलेली असल्याने तेथे टी-मूल्य १.८० आले. मात्र छापील आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केलेले असतील, तर पाण्याचा खरा सहगुणक साधारण ०.८३ ते ०.८५ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, म्हणून ०.८४ मधील शेवटच्या अंकावर फार विसंबता येत नाही.

पी-मूल्याच्या चौकटीत मात्र मी चुकलो. स्वातंत्र्यमात्रा बरोबर काढली होती: २५ निरीक्षणांतून स्थिरपद धरून तीन सहगुणक वजा केले की २२ उरतात. टी-कोष्टकात २२ च्या ओळीवर १.७१७ हा आकडा ०.०५ च्या स्तंभाखाली दिसला, १.८० त्याहून मोठे होते, म्हणून खताचा परिणाम ५ टक्के पातळीवर लक्षणीय आहे असे मी लिहून टाकले.

पुढची कोरी चौकट ९५ टक्के विश्वास-अंतराची होती आणि तिनेच चूक उघडी पाडली. अंतरासाठी दोन्ही बाजूंचा निर्णायक आकडा २.०७४ लागतो, ०.०३० ला त्याने गुणून आलेले ०.०६२ सहगुणकातून वजा केल्यावर खालची मर्यादा उणे ०.००८ आली, तर वरची ०.११६. अंतरात शून्य आहे आणि तरीही पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आहे, या दोन गोष्टी एकाच ओळीत नांदू शकत नाहीत. मी पुन्हा कोष्टकाच्या माथ्याकडे पाहिले, तेव्हा ते एकपुच्छ कसोटीचे असल्याचे लक्षात आले. संगणकाच्या तक्त्यातील पी-मूल्य सहसा द्विपुच्छ असते, त्यामुळे १.७१७ हा आकडा तेथे १० टक्क्यांचा ठरतो.

तेव्हा खताच्या चौकटीत मी '०.०५ ते ०.१० च्या दरम्यान' असे लिहिले. कोष्टकावरून याहून नेमके पी-मूल्य मिळत नाही. पाण्याचे २.४० हे २.०७४ आणि २ टक्क्यांच्या २.५०८ यांच्यामध्ये येते, म्हणून तेथे '०.०२ ते ०.०५ च्या दरम्यान' लिहिले.