गर्भपिशवी ठेवून अस्तर जाळायचं असेल तर

"मॅडम, पिशवी न काढता आतनं जाळून घेतात म्हणे. मला चालेल काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी आधी वय विचारते, मग पाळीत पोटात किती दुखतं ते. अंगावरून किती जातं हे त्यानंतर. क्रम उलटा वाटतो, पण अ‍ॅब्लेशन, म्हणजे अंगावरून फार जातं म्हणून पिशवीतलं अस्तर जाळणं, कुणाला लागू पडेल हे पहिल्या दोन उत्तरांवरच बरंचसं ठरतं.

पिशवीच्या आतलं अस्तर दर महिन्याला गळतं आणि मुळापासून पुन्हा वाढतं. अ‍ॅब्लेशनमध्ये ते मुळासकट जाळतात. एक पद्धत फुग्याची. खालच्या वाटेनंच फुगा आत नेतात, त्यात द्रव भरून ते सुमारे ८७ अंशांपर्यंत तापवतात आणि ८ मिनिटं ठेवतात. पोटावर टाका नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. पण उष्णता फार खोल पोचत नाही. अस्तर पिशवीच्या मांसल भिंतीत खोल शिरलेलं असेल, तर वरून जाळून ते संपत नाही. अशा बाईला पाळीत सहसा फार दुखतं, म्हणून दुखण्याचा प्रश्न.

आता वय. नळ्या जिथे पिशवीला मिळतात त्या कोपऱ्यांत थोडं अस्तर उरू शकतं. पाळी जायला चार-पाच वर्षं राहिली असतील तर बहुधा ते निभतं. पस्तिशीतल्या बाईच्या पुढे मात्र अजून दहा-पंधरा वर्षांची पाळी असते, तेवढ्यात उरलेलं अस्तर पुन्हा वाढतं. आपल्याकडे, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत, "ऑपरेशन झालंय" म्हटलं की नसबंदी, आणि तीही बहुधा पंचविशीच्या आसपास झालेली. नळ्या बांधलेल्या असल्या की कोपऱ्यातलं रक्त नळीत अडकू शकतं आणि दर महिन्याला एका किंवा दोन्ही बाजूंना कळा येऊ शकतात. अंगावरून काही जात नाही, म्हणून घरच्यांना ते खरं वाटत नाही. हा धोका मी आधीच सांगते.

एकीचं उदाहरण देते. वय ४६, निपाणीकडची, विड्या वळणारी, तीन मुलं, नसबंदी झालेली. पाळी आठ दिवस, पहिले तीन दिवस तासातासाला कपडा बदलायचा, मोठ्या गाठी पडायच्या. दुखणं बेताचं. हिमोग्लोबिन ७.४. थायरॉईड ठीक होतं. सोनोग्राफीत भिंतीत दोन सेंटिमीटरची एक गाठ होती, पण ती आतल्या पोकळीत दाबत नव्हती. पोकळीत घुसलेली मोठी गाठ असती तर फुगा अस्तराला नीट टेकला नसता. मग अस्तराचा तुकडा तपासला. ही तपासणी झाल्याशिवाय जाळायचं नाही, याला मी अपवाद करत नाही, कारण जाळल्यावर आत वण पडतात आणि पुढे कॅन्सरची शंका आली तर तुकडा घेणं अवघड होऊन बसतं. तिचा रिपोर्ट चांगला आला.

मी तिला आधी हार्मोनची तांबी सुचवली. तिनंही पाळी बरीच कमी होते आणि नको वाटली तर काढता येते. "आत काही ठेवायचं नको," ती म्हणाली. मग शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन दहाच्या वर नेलं आणि अ‍ॅब्लेशन केलं. त्या दिवशी पाळीसारख्या कळा आल्या, पुढे तीन आठवडे गुलाबी पाणी जात राहिलं. सहा महिन्यांनी पाळी दोन दिवसांवर आली होती. ती पूर्ण बंद झाली नाही, आणि तसं वचन मी दिलंही नव्हतं. दहांतल्या तीन ते पाच जणींची पाळी थांबते, बाकी बहुतेकींची हलकी होते. साधारण पाचांतल्या एकीला पुढच्या काही वर्षांत शेवटी पिशवी काढावीच लागते, चाळिशीच्या आत केलं असेल तर त्याहून जास्त जणींना.

मूल हवं असेल तर हा मार्ग नाहीच. पण याला नसबंदीही समजू नका. गर्भ राहू शकतो आणि तो धोक्याचा असतो: नळीत राहतो, पडतो, नाहीतर वार पिशवीला घट्ट चिकटते. नसबंदी झालेली नसेल तर पाळी जाईपर्यंत गर्भनिरोधक वापरा.

रक्त न जाता दर महिन्याला ओटीपोटात कळ येत असेल तर वाट पाहू नका, आत रक्त साठलंय का ते सोनोग्राफीत बघता येतं. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला तर लगेच या. तेव्हा दाखवायला कोल्हापूरला गेलात किंवा हुबळीला, अ‍ॅब्लेशन झाल्याचं सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.