गवतात शिरलं की दम टाकणारं ग्रास कटर : आत्तापर्यंत काय काय उघडलं

मशीन माझं साधंच आहे, ५२ सीसी टू-स्ट्रोक, खांद्याला पट्टा लावून चालवायचं, बिनकंपनीचं म्हणा हवं तर. तीन पावसाळे झाले. पाटण रोडला आमचं रान आहे, तिथले बांध भादव्यात असे माजतात की मांडीएवढं गवत आणि खाली हराळीची जाजमं. दोन वर्षं मशीनने खाल्लं ते गवत. यंदा मात्र गवतात घातलं की घुर्र करत खाली बसायचं, वर उचललं की परत सूऽऽ. गणपती उठल्यापासून दर रविवारी यातच गेलोय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

पहिला रविवार. आधी एक गोष्ट बघितली, इंजिन दबतंय का क्लच घसरतोय. दोन्हीत पत्ती थांबते म्हणून लोक गल्लत करतात. क्लच घसरला तर पत्ती थांबते पण इंजिन वर ओरडतच राहतं, आणि क्लचच्या घंटीपाशी जळका वास येतो. माझ्याकडे इंजिनचाच आवाज खाली येत होता, म्हणजे क्लच सुटला यातून.

तात्या (चुलते) बांधावर उभेच होते. ‘आरं प्लग बदल, करंट कमी झालाय त्याचा.’ आमच्याकडे मोटरपंपापासून बुलेटपर्यंत सगळ्याचा रोग प्लगच असतो. बदलला, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या मधे ठेवला. काडीचा फरक नाही. तरी जुना प्लग काढल्याचा एक फायदा झाला, त्याचं टोक पांढरट राखाडी होतं. नीट चालणाऱ्या मशीनचा प्लग कॉफीच्या रंगाचा निघतो, पेट्रोल जास्त होत असेल तर काळा ओला. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हे मला तेव्हाच पटायला पाहिजे होतं पण मी मधे दुसरीकडेच भरकटलो.

भरकटलो म्हणजे दोरीकडे. तो वेळही तसा वाया गेला नाही. मी तेव्हा नायलॉन दोरीचा हेड लावून चालवत होतो. गेल्या वर्षी गवत अडकतंय म्हणून गड्याने गार्ड काढून ठेवला होता, आणि गार्डला जी छोटी पाती असते जादा दोरी छाटायची, तीही त्याच्याबरोबर गेली. त्यामुळे हेड आपटला की दोरी सुटत राहायची आणि कुणी अडवायला नाही. मोजली तर एकेका बाजूला नऊ इंच बाहेर! असायला पाहिजे सहाच्या आसपास. तीन इंचाने काय होतंय असं वाटतं, पण दोरीचं टोक जेवढं लांब तेवढं ते जोरात फिरतं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, वरून तो अडथळा मध्यापासून लांब बसतो म्हणून इंजिनला अजून जड. हेडच्या मध्यापासून धरलं तर माझी दोरी २१ सेंटीमीटरच्या जागी २९ होती. तेवढ्याच रेसवर फिरवायची म्हटली तर नुसती हवा कापायला साडेतीन पट जोर. गवताला हात लावायच्या आधीच इंजिन अर्धं दमलेलं.

दोरी सहा इंचाला छाटली, गार्ड शोधून (गोठ्यात कोंबडीने त्यात अंडी घातलेली) परत लावला. रिकामं मशीन एकदम खुललं, असं सणसणीत ओरडायला लागलं की मी तात्यांना म्हटलं, ‘तात्या, झालं बघा काम.’

गवतात घातलं. पाच सहा सेकंद मस्त, मग हळूहळू आवाज उतरत गेला आणि बंद.

दुसरा रविवार. आता दोरीवरचा संशय पूर्ण संपवायचा म्हणून तीन दातांची १० इंची पत्ती लावली, जाड गवताला तीच बरी, दोरी म्हणजे कडेला आणि कोवळ्या गवताला. (पत्तीचा नट उलट्या आट्याचा असतो, नवीन माणूस घट्ट करत बसतो. आणि हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढून ठेवा.) गियरबॉक्सच्या खाली ओल्या गवताचा दोरखंड गुंडाळला होता तो कापून काढला, पत्ती हाताने मोकळी फिरली. तरी तेच, पाच सहा सेकंद आणि मग खाली.

हे पाच सहा सेकंदच खरी गोष्ट सांगत होते आणि मी दोन आठवडे ऐकलं नाही. गवताला टेकल्या टेकल्या बसलं असतं तर लोड जादा, किंवा पत्ती बोथट, किंवा आपणच सगळं एका घासात घालतोय. पंधरा वीस मिनिटं नीट चालून गरम झाल्यावर बंद पडलं आणि गार झाल्यावर परत चालू, तर कॉइल बघायची, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजून टाकीत ओढ तयार होते. पण दर वेळी सुरुवातीचे काही सेकंद ताकद आणि मग उतार, म्हणजे कार्बोरेटरच्या पोटात जेवढं पेट्रोल साठलंय तेवढ्यावर ते चालतंय आणि मागून पुरवठा होत नाहीये. करंट गेला तर आवाज असा सावकाश उतरत नाही, तो फटफट तुटतो, मिसिंग येतं, कधी सायलेन्सरमधून बार होतो. तरी दांड्यावरून जाणारी बंद करायच्या स्विचची वायर चेपलीय का बघून घेतली, कारण ती पाईपला घासून उघडी पडली की हादऱ्याने मधेच अर्थ होते. ती चांगली होती.

मग चोकची परीक्षा. मी गवतात फुल रेसवर, धाकटा भाऊ मागे इंजिनपाशी. आवाज उतरायला लागला की त्याने चोक अर्धा ओढायचा, एक सेकंदभर. ओढला आणि मशीनने लगेच उचल खाल्ली! पेट्रोल जास्त होत असतं तर चोकने अजून गुदमरून मेलं असतं. उचललं म्हणजे नक्की उपाशी आहे. टाकीचं झाकण सैल करून परत तेच केलं, काही फरक नाही, म्हणजे झाकणाचं भोक मोकळं. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघितला, तोही बरा होता. राहिला कार्बोरेटर.

आता इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त फसवलं ते रिकाम्या मशीनच्या आवाजाने. एवढं सणसणीत ओरडतंय म्हणजे कार्बोरेटर ठीकच असणार असं मी धरून चाललो होतो. खरं उलटं आहे. टू-स्ट्रोक पातळ मिक्श्चरवर रिकामं फिरायला नेहमीपेक्षा जास्तच पळतं, कारण फिरायला ताकद लागतच नाही. लोड आला की तेच पातळ मिक्श्चर कमी पडतं. नीट सेट केलेलं मशीन रिकामं फुल रेसला थोडं भरडल्यासारखं, फडफड करत चालतं, आणि गवतात गेलं की त्याचा गळा साफ होतो. म्हणजे ज्या आवाजावर मी खूश होतो तोच आजार होता. आणि असं उपाशी चालवत राहिलो तर पेट्रोल कमी म्हणजे थंडावाही कमी, टू-टी ऑईलपण पेट्रोलबरोबरच येतं म्हणून तेही कमी, शेवटी पिस्टन चिकटतो. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघितला, एक बारीक उभी रेघ दिसली, नखाला लागत नव्हती. वाचलो.

तात्या म्हणाले, ‘मग ऑईल जादा घाल की.’ माझ्या मशीनला २५ ला १ आहे, लिटरला ४० मिली. त्यात ऑईल वाढवलं की त्याच भोकातून पेट्रोल तेवढं कमी जाणार, म्हणजे अजून पातळ, वर सायलेन्सरच्या जाळीत कार्बन. तात्यांना हे पटलं नाही, त्यांनी चहा मागवला.

तिसरा रविवार, कार्बोरेटर खोलला. घरच्या जेवणाच्या टेबलावर नाही, वहिनीने मागच्या वेळेसच बजावलंय. आधी बाहेरून धुतला, मग मोबाईलवर प्रत्येक थराचा फोटो, कारण पॅकिंग आणि पडद्याचा क्रम उलटला की परत सगळं पहिल्यापासून. पंपाच्या बाजूचं एका स्क्रूचं झाकण उघडलं तर आत तो पेट्रोल ढकलणारा पातळ पडदा, त्याच्या दोन जिभल्या असतात, झडपेचं काम करणाऱ्या. त्या मऊ सपाट पाहिजेत. माझ्या कडक होऊन वर वळलेल्या, वाळक्या आंब्याच्या सालीसारख्या. आणि त्याच्या खाली शर्टच्या बटणापेक्षा लहान अशी गोल जाळी, तिच्यावर पांढरट हिरवट चिकट थर. टाकीतला फिल्टर साफ असला तरी ही जाळी बुजते, ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मलापण नव्हतं.

हे कशाने झालं तर माझा अंदाज, गेल्या दिवाळीला टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून मशीन भिंतीला टांगलं ते थेट जूनला उतरवलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं म्हणून तक्रार कुठे करायची! इथेनॉल पाणी ओढून घेतं, पडून राहिलं की ॲल्युमिनियमला खातं आणि जुन्या धाटणीच्या रबराचं मातेरं करतं. शिवाय त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणजे कार्बोरेटरचा पेट्रोल कमीजास्त करायचा स्क्रू होता तिथेच ठेवून ते पेट्रोल घातलं की मिक्श्चर आपोआप थोडं पातळ.

कराडात किट मिळालं दीडशेला, दोन्ही बाजूचे पडदे, पॅकिंग, सुई, जाळी सगळं. जाळी दाबून बसवायला पेन्सिलचं मागचं टोक वापरलं. सुईचा जो छोटा दांडा असतो त्याची उंची जुन्याएवढीच ठेवली, तो चुकून वाकला तर परत उपाशी किंवा ओव्हरफ्लो. फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा एच आणि कमी रेसचं ठरवणारा एल, दोन्ही स्क्रू हलके बंद करून सव्वा आटा बाहेर. काही मशीनला एच स्क्रूच नसतो, जेट पक्का असतो, त्यांनी हा भाग सोडा.

चालू केलं. रिकामं फुल रेसला भडभड भडभड, तात्या लगेच, ‘बिघडवलंस बघ.’ गवतात घातलं आणि आवाज एकदम स्वच्छ, पत्ती थांबायचं नाव नाही. गड्याला दिलं, त्याने तीन आठवडे अडलेला बांध एका टाकीत, पाऊण तासात संपवला. मधे फुल रेसवर कापतानाच स्विच बंद करून प्लग काढला, जरा काळपट होता म्हणून एच स्क्रू किंचित, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा आत घेतला. पण रिकाम्या रेसची भडभड पूर्ण जाईल इतका आत घ्यायचा नाही.

कापायची पद्धतपण जरा बदलली. पत्ती वरून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे झोका, गवत डावीकडे कापलेल्या बाजूला पडतं आणि पुढच्या झोक्याला आडवं येत नाही. मांडीएवढ्या गवताला दोन मजली, आधी वरचं अर्धं, परतीच्या वाटेला बुडखा.

परवा तात्यांनी स्वतःचं मशीन आणलं, त्यांचंही तेवढंच जुनं. अंगणात फुल रेस देऊन दाखवलं, ‘ह्याला म्हणत्यात आवाज.’ सणसणीत. गवतात किती सेकंद टिकतंय ते या रविवारी मोजायचंय.