सहअर्जदार बाहेरगावी असताना कर्जाच्या सह्या पुढे ढकलून घेतल्या: माझा अनुभव

बँकेला सह्यांची तारीख पुढे ढकलायला सांगणं अवघड नाही. शाखेतला माणूस फोनवर लगेच "चालेल" म्हणतो. पण कर्जाच्या प्रकरणात सह्यांची तारीख एकटी नसते, तिच्यामागे आणखी दोन-तीन तारखा बांधलेल्या असतात आणि फोनवरच्या "चालेल"ने त्या हलत नाहीत. म्हणून विनंती करण्याआधी मी सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या.

प्रकरण गृहकर्जाचं होतं, दोन अर्जदार: मी आणि माझी बहीण. सह्या बुधवारी, 12 तारखेला ठरल्या होत्या. ताई परतणार होती शनिवारी, 22 तारखेच्या रात्री. मंजुरीपत्राची मुदत गुरुवारी, 27 तारखेला संपत होती आणि घर विकणाऱ्याला बँकेची रक्कम देण्याची शेवटची तारीख करारात 30 होती. वरवर पाहता सोमवारी, 24 तारखेला सह्या केल्या की सगळं वेळेत बसतं. प्रत्यक्षात बसत नव्हतं.

अडचण मंजुरीपत्रातल्या एका वाक्यात होती. मुदत नेमकी कशासाठी आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. काही पत्रांत त्या तारखेपर्यंत करारावर सह्या झाल्या तरी पुरतं, तर काहींत पहिली रक्कम प्रत्यक्ष उचललेली असावी लागते. आमच्या पत्रात रक्कम उचलण्याची अट होती. सह्या झाल्या की त्याच दिवशी पैसे निघत नाहीत. कागदपत्रं तपासणीला जातात, त्रुटी निघाली तर परत येतात, मगच धनादेश किंवा रक्कम वर्ग करण्याचा आदेश निघतो. त्यात दोन-चार कामाचे दिवस सहज जातात. म्हणजे 24 ला सह्या आणि 27 ला मुदत, हे फारच काठावरचं होतं. शिवाय 30 तारखेला रविवार होता, त्यामुळे विक्रेत्याची खरी शेवटची तारीख शनिवार 29 होती. सुट्टीच्या दिवशी संपणारी मुदत नेहमी अलीकडच्या कामाच्या दिवसावर धरावी.

त्यामुळे मागण्या तीन झाल्या: बँकेकडून सह्यांची नवी तारीख, बँकेकडूनच मंजुरीपत्राला मुदतवाढ आणि विक्रेत्याकडून पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत लेखी सवलत. विक्रेत्याचं पत्र आधी घेतलं, कारण त्याने नकार दिला असता तर बँकेशी वेगळंच बोलावं लागलं असतं.

विनंती कोणाकडे करायची, यातही फरक पडतो. अर्ज घेऊन आलेला प्रतिनिधी कर्ज विकणाऱ्या विभागाचा असतो. तारखा आणि कागदपत्रं सांभाळतो तो कर्ज प्रक्रिया विभाग. प्रतिनिधीला कळवावं जरूर, पण ईमेल शाखेच्या कर्ज अधिकाऱ्याला आणि प्रक्रिया विभागाला एकत्र पाठवावा. अर्जात नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवावा आणि सहअर्जदाराने स्वतःच्या ईमेलवरून त्यालाच "मला मान्य आहे" असं उत्तर द्यावं. नाहीतर एका अर्जदाराच्या सांगण्यावरून तारीख बदलायला अधिकारी कचरतो. मजकूर असा होता:

"वरील अर्ज क्रमांकाच्या कर्जाच्या कागदपत्रांवर सह्यांसाठी 12 तारीख ठरली आहे. सहअर्जदार 22 तारखेपर्यंत बाहेरगावी असल्याने त्या दिवशी हजर राहू शकत नाहीत. सह्या 24 तारखेला सकाळी ठेवाव्यात, ही विनंती. मंजुरीपत्राची मुदत 27 तारखेला संपत आहे, ती पुढील महिन्याच्या 10 तारखेपर्यंत वाढवून मिळावी. दोघांच्या सह्या होईपर्यंत कर्जाची रक्कम वितरित झाल्याची नोंद करू नये व धनादेश काढू नये. नवी तारीख, वाढीव मुदत आणि लागू व्याजदर लेखी कळवावा."

कारण एका वाक्यात पुरतं. प्रवासाचा तपशील, घरची परिस्थिती लिहिली की पत्र लांबतं आणि मागणी त्यात हरवते. परतीच्या दुसऱ्याच दिवसाची तारीखही मागू नये, कारण प्रवास लांबला तर पुन्हा विनंती करावी लागते आणि दुसऱ्या वेळी अधिकारी तितक्या सहज ऐकत नाही.

धनादेशाबद्दलचं वाक्य मी मुद्दाम घातलं. सह्यांच्या तयारीत काही ठिकाणी धनादेश आधीच छापून ठेवलेला असतो आणि संगणकात त्या तारखेला रक्कम दिल्याची नोंद पडते. सह्या पुढे गेल्या तरी ती नोंद तशीच राहिली, तर हातात न आलेल्या पैशांवर व्याज सुरू होतं. ही गोष्ट पहिल्या खातेउताऱ्यात दिसते: रक्कम वितरणाची तारीख सह्यांच्या आधीची असेल, तर लगेच लेखी हरकत घ्यावी.

मुदतवाढ सह्यांच्या तारखेइतकी सरळ मिळत नाही. मंजुरी ठराविक काळातल्या कागदपत्रांवर दिलेली असते. त्यामुळे बँक ताजी पगारपत्रकं मागू शकते, पतअहवाल पुन्हा काढू शकते आणि दर बदलला असेल तर नवा दर लावू शकते. म्हणून या मधल्या काळात दोघांपैकी कोणीही दुसरं कर्ज किंवा नवं क्रेडिट कार्ड घेऊ नये. मुदत संपण्याआधी विनंती गेली असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं. मुदत उलटून गेल्यावर गेलात, तर प्रकरण नव्याने तपासलं जाण्याची आणि प्रक्रिया शुल्क पुन्हा लागण्याची शक्यता असते.

शाखेतून दोन पर्याय सुचवले जातात. पहिला मुखत्यारपत्राचा. कर्जासाठी बँकेला साधं मुखत्यारपत्र चालत नाही. त्यात हेच कर्ज, हीच मालमत्ता आणि सही करण्याचा अधिकार स्पष्ट लागतो, शिवाय बँकेचा विधी विभाग ते तपासतो. सहअर्जदार दहा-बारा दिवसांत परतणार असेल तर या वाटेला जाऊ नये, मुखत्यारपत्र तयार होईपर्यंत माणूसच परत येतो. महिनोनमहिने बाहेर असणाऱ्यांसाठी ते ठीक. दुसरा पर्याय त्याच बँकेच्या दुसऱ्या गावच्या शाखेत सही करण्याचा. तो चालू शकतो, पण मूळ संच कुरिअरने जातो-येतो आणि एखाद्या पानावर सही राहिली की पुन्हा फेरी होते.

"तुम्ही आज सही करून ठेवा, त्या आल्या की करतील" असंही कोणी म्हणतं. तारखेची किंवा रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर मी सही केली नाही, कोणीही करू नये. सहअर्जदार संपूर्ण कर्जाला बांधलेला असतो, अर्ध्या नव्हे. म्हणूनच बँक त्याची ओळख तपासून, अधिकाऱ्यासमोर सही घेते. त्याच्या वतीने घरातल्या दुसऱ्याने सही केली, तर ती सरळ बनावट सही ठरते.

बँकेचं उत्तर आलं की त्यात नवी तारीख, वाढीव मुदत आणि व्याजदर या तिन्ही गोष्टी आहेत का ते पाहावं. आम्हाला आलेल्या पहिल्या उत्तरात फक्त 24 तारीख होती, मुदतवाढीचा उल्लेखच नव्हता. त्याच ईमेलवर पुन्हा विचारल्यावर सुधारित पत्र मिळालं.

सह्यांच्या दिवशी जुना छापील संच समोर येण्याचा संभव असतो. पहिल्या पानावरची कराराची तारीख, हप्त्यांच्या तक्त्यातली पहिल्या हप्त्याची तारीख आणि खात्यातून हप्ता कापण्याच्या फॉर्मवरची सुरुवातीची तारीख, या तीन जागा आधी पाहाव्यात. 12 तारखेच्या हिशेबाने छापलेलं पान दिसलं तर पेनाने खाडाखोड न करता नवं पान काढून मागावं. खाडाखोड झालीच तर तिथे दोघांचीही सही लागते, आणि एकाची राहिली की तोच संच तपासणीतून परत येतो.