उलट पळणाऱ्या पट्ट्या

फिल्म अडीच मिनिटांची होती. चित्रीकरण 8K मध्ये, म्हणजे 7680 बाय 4320, आणि दाखवायची होती एका एलईडी भिंतीवर जिचे एकूण पिक्सेल फक्त 1280 बाय 720. दोन पिक्सेलमधलं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे भिंत 3.2 मीटर रुंद. फ्रेम लहान करायचं काम माझ्या जुन्या पायथन स्क्रिप्टकडे होतं. ती दोन वर्षं मुकाट्याने चालत होती, त्यामुळे तिच्यावर संशय यायचं काही कारण नव्हतं.

तिसऱ्या शॉटला दिग्दर्शिकाबाई खुर्चीतून उठल्या. "हे काय वळवळतंय?"

शॉटमध्ये एक इमारत होती, तिच्या दर्शनी भागावर उभ्या धातूच्या पट्ट्या, आणि कॅमेरा इतका सावकाश पॅन होत होता की चित्र प्रत्येक फ्रेमला मूळ फुटेजमधला जेमतेम एक पिक्सेल उजवीकडे सरकत होतं. भिंतीवर मात्र त्या दर्शनी भागातून जाड पट्ट्या सरसर धावत होत्या. एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर चित्र छान, धारदार. चालू केलं की सळसळ.

मी पहिला दोष एन्कोडरला दिला. बिटरेट दुप्पट केला, मग तिप्पट. फरक नाही. शेवटी दाबताना काहीच न गमावणाऱ्या पीएनजी फ्रेम्सच भिंतीवर चालवल्या, त्यातही तेच. मग लहान केलेल्या व्हिडिओवर हलका ब्लर मारला. इमारतीच्या खिडक्या मऊ झाल्या, पट्ट्या जशाच्या तशा धावत राहिल्या. खरं तर तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

एक तपासणी मात्र वेळेवर सुचली. मूळ 8K फ्रेम शंभर टक्क्यांवर उघडली, म्हणजे फुटेजचा एक पिक्सेल म्हणजे मॉनिटरचा एक पिक्सेल. 'विंडोत बसवा' या पर्यायावर प्लेअर स्वतःच चित्र लहान करतो आणि स्वतःची वेगळी लुकलुक घालतो, त्यामुळे त्या पर्यायावर पाहून काहीच ठरवता येत नाही. शंभर टक्क्यांवर प्रत्येक पट्टी जागच्या जागी, स्वच्छ दिसत होती. म्हणजे कॅमेऱ्यात काही बिघडलं नव्हतं. तिथे मोआरे, म्हणजे बारीक रेघांवर उठणारी खोटी नक्षी, उमटला असता, तर पुढे कुठलाही फिल्टर लावून तो निघाला नसता.

मग सहकाऱ्याला शेजारी बसवलं आणि फ्रेमवार मोजायला घेतलं. दर्शनी भागाच्या मधोमध मूळ चित्रात एका पट्टीपासून दुसरी पट्टी बरोबर 7 पिक्सेलवर. लहान केलेल्या चित्रात खोट्या पट्ट्यांमधलं अंतरही 7 पिक्सेल, भिंतीवर पावणेदोन सेंटिमीटर. आणि एकेक फ्रेम पुढे सरकवताना सहकारी म्हणाला, "अरे, या डावीकडे चालल्यात!" इमारत उजवीकडे, पट्ट्या डावीकडे.

इथे कोडं सुटलं. 7680 चे 1280 म्हणजे सहापट लहान. नव्या चित्राचा प्रत्येक पिक्सेल मूळ चित्रात 6 पिक्सेलच्या उड्या मारत वाचला जातो. पट्ट्यांचं चक्र 7 चं आहे, म्हणून प्रत्येक उडी चक्र पूर्ण व्हायच्या एक पिक्सेल आधी पडते. पहिली पट्टीच्या कडेला, दुसरी त्याच्या एक पिक्सेल अलीकडे, तिसरी दोन... सात उड्यांनी पुन्हा तीच जागा. अशा प्रकारे 7 पिक्सेल रुंदीचं, मुळात अस्तित्वातच नसलेलं चक्र तयार होतं, तेही उलट्या क्रमाने. इमारत नव्या चित्रात दर फ्रेमला पिक्सेलचा सहावा भाग उजवीकडे जाते, खोटी पट्टी अख्खा एक पिक्सेल डावीकडे. सहापट वेगाने, उलट. अलायसिंग ते हेच. आणि 7 पिक्सेलची लाट म्हणजे नव्या चित्रात चांगली जाडजूड गोष्ट, नंतरच्या ब्लरने ती कशी जाणार?

स्क्रिप्ट उघडली. त्यात एवढंच होतं:

```python
out = cv2.resize(frame, (1280, 720))
```

काही सांगितलं नाही तर OpenCV इथे `INTER_LINEAR` वापरतं, आणि ते कितीही लहान करायचं असलं तरी आजूबाजूचे 2 बाय 2 पिक्सेलच पाहतं. आपल्या बाबतीत एका नव्या पिक्सेलच्या वाट्याला मूळचे 36 पिक्सेल येतात. त्यातले 4 घेतले, 32 टाकून दिले. दोन वर्षं हे लपून राहिलं, कारण तोवर 1080p चं 720p करत होतो. दीडपटीत फारसं काही वगळलं जात नाही.

मी घाईने `INTER_LANCZOS4` टाकलं. नाव भारदस्त, आता सुटलो असं वाटलं. पट्ट्या उलट थोड्या जास्तच ठसठशीत झाल्या! कारण OpenCV मधला लँक्झॉसही 8 बाय 8 पिक्सेलवर ठाम असतो, लहान करताना रुंद होत नाही. तो दोन पिक्सेलमधली एका बिंदूवरची किंमत अचूक काढतो, बिंदू मात्र सहा-सहा पिक्सेल सोडूनच निवडतो. आधीच्या 2 बाय 2 च्या सरासरीत पट्ट्यांचा नव्वद टक्के जोर शिल्लक राहत होता, आता जवळजवळ सगळाच.

`INTER_AREA` ने पहिल्यांदा खरा फरक पडला. ते 36 च्या 36 पिक्सेलची सरासरी घेतं. 7 च्या चक्रावर 6 पिक्सेलची सरासरी घेतली की खोट्या पट्टीचा जोर सहाव्या भागावर येतो. लांबून नाहीशी, पण भिंतीजवळ गेलं की पुसट सरपटणारी सावली दिसतेच. मग ते काम `ffmpeg` कडे दिलं. त्याचा स्केलर गुणोत्तराप्रमाणे फिल्टर रुंद करतो, त्यामुळे तिथला लँक्झॉस इथे खरोखर उपयोगी पडतो:

```
ffmpeg -i in.mov -vf "scale=1280:720:flags=lanczos" out_%05d.png
```

मधला भाग शांत झाला. बाई मात्र म्हणाल्या, "पण पट्ट्या कुठे गेल्या?" तिथे सपाट करडा रंग उरला होता. नव्या चित्रात एका पट्टीच्या वाट्याला सव्वा पिक्सेलही येत नाही आणि एक काळी-पांढरी जोडी दाखवायला किमान दोन तरी लागतात, हे समजावून सांगितलं. आधी दिसत होत्या त्या त्यांच्या पट्ट्या नव्हत्याच, हे पटायला त्यांना दोन्ही फ्रेम्स शेजारी ठेवून दाखवाव्या लागल्या.

उरला उजवा कोपरा. इमारत तिथे कॅमेऱ्याच्या जवळ, त्यामुळे पट्ट्या 11 पिक्सेलवर, म्हणजे लहान केल्यावर दोन पिक्सेलच्या किंचित खाली. या काठावर लँक्झॉस पूर्ण कापत नाही, थोडं सोडतो, आणि तेवढी बारीक थरथर राहिली. तेवढ्याच भागापुरता मुखवटा आखून, लहान करण्याच्या *आधी*, मूळ फ्रेमवर सिग्मा 2 चा गॉसियन ब्लर दिला. कोपरा जरासा मऊ पडला. बाईंनी तो शॉट चार वेळा चालवून पाहिला आणि पुढच्या शॉटकडे वळल्या. मी तेवढ्यात जुन्या स्क्रिप्टमधली ती ओळ काढून टाकली.