चाळीस मिनिटांतली दहा

एका संस्थेनं कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान माझ्याकडे व्हिडिओ-एडिटिंगला पाठवलं. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायला दहा मिनिटांचं हवं होतं. ‘मधल्या गॅप काढल्या की होईल,’ असा निरोपही सोबत. गॅप काढून पस्तीस झाली आणि सर धापा टाकत बोलतायत असं वाटायला लागलं. उरलेली पंचवीस मिनिटं अर्थातूनच काढायची होती.

अशा वेळी मी टाइमलाइनला हात लावत नाही. सगळं भाषण टाइप करून छापते आणि पेन घेऊन बसते. सरांचा सल्ला सरळ होता: फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखू नका, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारा. त्याआधी बीटी कपाशीचा २००२ पासूनचा इतिहास होता. तो अख्खा जाणार, हे पहिल्या वाचनातच ठरलं. पण त्याच्या पोटात एक वाक्य होतं: ‘ती एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.’ हे गेलं तर पतंग मोजायचे कशाला, ते कळणारच नाही. आणि ते एकटं ठेवलं तर ‘ती’ म्हणजे कोण? म्हणून आधीचं अळीचं नाव घेणारं वाक्यही ठेवलं. सात सेकंद वाढली, वाढू देत.

खरी अडचण प्रश्नोत्तरांत निघाली. एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘सापळेच नसले तर?’ सर म्हणाले, एकरातल्या वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा, दोन किडकी निघाली तर फवारा. सबंध व्याख्यानातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेहतिसाव्या मिनिटाला, आणि आयोजकांच्या मते प्रश्नोत्तरं ‘उडवायचीच’! मी ते उचलून सापळ्यांच्या मागे लावलं. ‘वीस’नंतर सर थांबले होते, समोरचे लिहून घेत असावेत. तो थांबा तसाच ठेवला. जोडावर सभागृहातला पंख्याचा आवाज पसरला, चित्र उडू नये म्हणून वर स्लाइड टाकली.

जोड इतका बेमालूम बसला की मलाच खटकायला लागलं. शब्द सरांचेच, पण या क्रमानं ते बोललेच नव्हते. प्रश्न विचारणारा तर गायब. शेवटी त्याचा प्रश्न परत घातला आणि पडद्यावर ‘प्रश्नोत्तरांतून’ अशी पट्टी दिली. सरांना ऐकवलं. त्यांनी आकडे तेवढे तपासले आणि होकार दिला. संस्थेचं म्हणणं, पट्टी काढा, लक्ष जातं. त्याऐवजी अध्यक्षांचं आभाराचं अर्धं मिनिट घाला.

पट्टी मी काढली नाही. आभार घातले, अगदी शेवटी, म्हणजे ज्याला बंद करायचं त्यानं तिथं करावं.