आमची वाटचाल : आधी टाकी, मग मशीन

वसतिगृहाला पाणी तापवायला हीटपंप द्यायचा तर आधी टाकी ठरवायची, मग मशीन. आम्ही हा क्रम कधी सोडला नाही. याच क्रमापायी एक मोठी ऑर्डर हातची गेली आणि त्या वर्षी दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती.

भंडारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आम्ही सोलर हीटर बसवायचो. वानरं काचेच्या नळ्या फोडायची, त्या बदलून द्यायचो, बरं चाललं होतं. पुढे फ्रीज-एसीचं काम करणारे मिस्त्री भागीदार म्हणून आले आणि हीटपंप सुरू झाला. मिस्त्रींकडे गेज होते, क्लॅम्प मीटर होता, पण त्यांचा खरा भरवसा काचेचे दोन थर्मामीटर आणि खुणेची 20 लिटरची बादली यांवर. मशीनच्या फिरत्या पाण्याचा पाइप बादलीत सोडायचा आणि घड्याळ लावायचं. बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे तासाला 1800. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी यांत 5 अंशांचा फरक असेल तर 1800 गुणिले 5, आणि त्याचे किलोवॅट करायला भागिले 860. मशीन साडेदहा किलोवॅट उष्णता देतं आहे. पाटीवर काय छापलंय ते मिस्त्री नंतर वाचायचे.

पाटीवरचा आकडा बहुधा 20 अंश हवेतला असतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा 10 अंशांवर येते, कधी त्याच्याही खाली. हीटपंप हवेतलीच उष्णता ओढतो. हवा गार झाली की तो वीज जवळपास तेवढीच खातो आणि पाणी मात्र कमी तापवतो. 10 किलोवॅटचं मशीन पहाटे मिस्त्रींच्या बादलीत साडेसात भरायचं. तेच मशीन दुपारी 28 अंशांत साडेअकरा द्यायचं.

हे आम्ही पहिल्यांदा ऐकवलं ते गोंदिया जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना. तिथे 100 मुली, आणि पाणी सरपणावर तापायचं. बाई म्हणाल्या, "भाऊ, मले मशीनचं नोका सांगू. शेवटच्या पोरीले गरम पाणी भेटन का, तेवढं सांगा." आम्ही त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडला. एका मुलीला 40 अंशांचं 25 लिटर, म्हणजे एकूण 2500 लिटर. वरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गार होऊन सकाळी 18 अंशांचं असतं, आणि आपण तापवणार 55 पर्यंत. तेव्हा 2500 पैकी साधारण 1500 लिटर गरम लागतं, बाकीचं थंड मिसळतं. मुलींना शाळेची घाई, सगळ्यांच्या आंघोळी दीड तासात उरकतात. त्या दीड तासात पहाटेचं मशीन जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे लिटर तापवेल. म्हणून ते मोजायचंच नाही, लागणारं सगळं पाणी आदल्या दिवशीच साठवून ठेवायचं. आम्ही 2000 लिटरची उघड्या व्हेंटची टाकी आणि 10 किलोवॅटचं मशीन दिलं.

टाकीची आवक सकाळी बंद ठेवायची, हे आमचं वैशिष्ट्य. गरम पाणी वापरलं जाईल तशी टाकी रिकामी होते, पण खालून थंड पाणी शिरत नाही, त्यामुळे शेवटच्या बादलीपर्यंत ताप टिकतो. पाणी फार खाली गेलं की लेव्हल स्विच पंप थांबवतो. मग दुपारी बोअर चालवून टाकी थेट भरायची. जमिनीतलं पाणी हिवाळ्यातही 27 अंशांच्या आसपास असतं, वरच्या टाकीत गार करून ते कशाला घ्यायचं? 1500 लिटर 27 वरून 55 वर न्यायला 49 युनिट उष्णता लागते, दुपारच्या हवेत सव्वाचार तासांत काम होतं आणि वीज 12 युनिटच्या आसपास जळते. तेच पाणी 18 वरून रात्री तापवलं तर साडेआठ तास आणि 23 युनिट. टाकीभोवती ताप धरून ठेवणाऱ्या पफचं चांगलं आवरण असेल तर सकाळपर्यंत 2-3 अंशच उतरतात.

त्यानंतर एका संस्थेच्या वसतिगृहाचं काम निघालं. मुली तेवढ्याच. आमचं कोटेशन टाकीपायी महाग पडलं. दुसऱ्या एका विक्रेत्यानं 500 लिटरची टाकी आणि 15 किलोवॅटचं मशीन दिलं. त्याचा हिशेब ऐकायला गोड होता. मशीन ताशी 350 लिटर देतं, आंघोळी तीन तास चालतात, म्हणजे 500 अधिक 1050, झाले की दीड हजार! आम्ही लेखी कळवलं की हा आकडा जानेवारीच्या पहाटेचा नाही आणि आंघोळी तीन तास चालत नाहीत. त्या पत्राला उत्तर आलं नाही, आजतागायत नाही.

त्यात भर म्हणजे मशीन बसवलं बाथरूममागच्या बंद खोलीत. पंख्यातून निघालेली गार हवा तिथेच फिरून पुन्हा मशीन ओढायचं. बाहेर 11 अंश असताना आत 5, आणि कॉइलवर पांढरा बर्फ. मशीन अधूनमधून उलटं फिरून तो वितळवायचं, तेवढा वेळ पाणी तापायचं बंद. ताशी 350 चे सव्वादोनशेही उरले नाहीत. दीड तासात सगळं मिळून साडेआठशे लिटरच्या आतच, म्हणजे जवळपास निम्म्या मुलींना थंड पाणी. संस्थेनं त्याचा निष्कर्ष असा काढला की हीटपंप आपल्या भागात चालतच नाही.

ते बोलणं जिल्हाभर पसरलं. ठरलेली कामं रद्द झाली, एकानं दिलेला अ‍ॅडव्हान्स परत मागितला. गोदामात दोन मशीन पडून होती, त्यांचे पैसे कंपनीला द्यायचे होते. मिस्त्रींनी बायकोचे दागिने गहाण ठेवले, मी गाडी विकली. दुसऱ्यानं चुकीचं काम केलं आणि नाव आमच्या धंद्याचं खराब झालं, हे मनातून जात नाही.

तेव्हा अधीक्षिकाबाई उभ्या राहिल्या. ओळखीच्या वसतिगृहांच्या गृहपालांना त्यांनी ऐन जानेवारीत मुक्कामी बोलावलं. सकाळी आंघोळी चालू असताना मिस्त्रींचा थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. पहिली बादली भरताना टाकीतून 53 अंशांचं पाणी आलं आणि शेवटची भरताना 51. मशीन तेव्हा बंद होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "कालच्या दुपारचं पानी हाये हे." त्या पाहुण्यांपैकी दोघांनी त्याच महिन्यात ऑर्डर दिली आणि गोदाम रिकामं झालं. नंतरची वर्षं काम करण्यात गेली.

जे आता मशीन घेणार आहेत त्यांना सांगतो. विक्रेत्याला विचारा, हा ताशी लिटरचा आकडा किती अंश हवेत आणि किती अंशांच्या पाण्यावर? 10 अंश हवेतला आकडा कागदावर घ्या. मशीन उघड्यावर ठेवा, वर छत चालेल, पण पंख्यासमोर भिंत नको. उन्हाळ्यात 45 अंशांत ते हाय प्रेशरवर ट्रिप मारतं, तेव्हा भरदुपारी चालवू नका, एरवीही मेपुरती गरम पाण्याची गरज नसतेच. आणि आपलं बोअरचं पाणी जड आहे. हिवाळ्याच्या सौम्य दुपारीही मशीन हाय प्रेशर दाखवून थांबायला लागलं आणि बादली भरायला 40 च्या जागी 60 सेकंद लागायला लागले, तर गॅस भरणाऱ्याला बोलावू नका. आधी गाळणी साफ करा, मग हीट एक्स्चेंजरमधला क्षार सायट्रिक अ‍ॅसिड फिरवून काढा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत गॅस कमी असलेलं मशीन क्वचितच निघतं.