तुम्ही विचारलंत म्हणून: विषय आहे, म्हणणं कुठाय?

"विषय तर पहिल्याच वाक्यात स्वच्छ लिहिलाय. मग 'थीसिस नाही' म्हणून सी कसा काय दिला?"

बहुतेक वेळा तो सी मी दिलेला नसतो, हे आधी सांगून टाकते. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवते. त्यामुळे या खंडातल्या कुठल्याही कॉलेजात कुठल्याही मराठी मुलाला निबंधात कमी ग्रेड मिळाली की जाब मला विचारला जातो. भाचे, भाच्यांचे मित्र, मित्रांच्या आया, सगळे तो निबंध पाठवतात आणि पहिल्या वाक्याखाली रेघ ओढून म्हणतात, हे काय मग?

हे काय, ते सांगते. ती पाटी आहे. दुकानात काय मिळतं ते पाटीवरून कळतं. मालकाचं म्हणणं काय, ते कळत नाही. आणि इथे थीसिस म्हणतात ते त्या म्हणण्यालाच.

आपल्या मुलांना बाजू घेता येत नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. वादविवाद स्पर्धेच्या ढाली घरात मांडून ठेवणारी माणसं आहोत आपण. पण हीच माणसं 'विज्ञान : शाप की वरदान' लिहायला बसली की दोन्ही बाजूंना सारखे परिच्छेद वाटून शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं लिहीत आली. मीही तेच लिहीत होते, आणि दहापैकी आठ घेत होते. इथे त्याच निबंधाच्या समासात 'मग तुझं म्हणणं काय?' असं लिहून येतं. मुलाला वाटतं, मास्तरांनी नीट वाचलंच नाही.

आता एकाच निबंधाबद्दल सांगते. त्यात माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझं उत्तर खरं होणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मराठी मुलगी होती. वर्गात मला प्रोफेसर म्हणायची, मंडळाच्या गणपतीत मावशी. तिचे आजोबा गिरणी कामगार होते, म्हणून तिने १९८२चा मुंबईचा गिरणी संप घेतला. पाच पानांचा निबंध. पहिल्या ड्राफ्टमधलं वाक्य असं होतं : 'या निबंधात मी १९८२च्या गिरणी संपाची कारणं आणि परिणाम यांची चर्चा करणार आहे.'

या वाक्यात 'नाही' घालून बघा. 'चर्चा करणार नाही.' यावर कुणीच भांडणार नाही, कारण भांडायला त्यात काही ठेवलेलंच नाही. ही पहिली चाचणी मी वर्गात शिकवते आणि ती बरीच पुरते, सगळी नाही. 'संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला' या वाक्यातही 'नाही' घालता येतं, पण ते घालणाऱ्याला वाद घालायचा नसतो, त्याला फक्त तारीख ठाऊक नसते. उलट 'संप ही एक दुःखद घटना होती' यावर मान डोलवण्यापलीकडे वाचकाला कामच उरत नाही.

तिने दुसरं वाक्य आणलं : 'गिरणी संपाचे कामगारांवर आर्थिक, सामाजिक आणि कौटुंबिक परिणाम झाले.' हे सगळ्यात फसवं, कारण ते थीसिससारखं दिसतं. तीन कप्पे आहेत, तीन परिच्छेद आपोआप पडतात, आणि शाळेत हेच शिकवून पाठवलेलं असतं. पण संपाच्या जागी दुष्काळ घाला, भूकंप घाला, लग्न घाला, वाक्य तसंच उभं राहतं. मी तिला निबंधाचे तीन मधले परिच्छेद कापून, उलटसुलट करून परत जोडायला सांगितले. काहीही बिघडलं नाही. परिच्छेदांची जागा बदलून काही बिघडत नसेल, तर ते कशावर तरी रचलेले नाहीत, नुसते शेजारी ठेवलेले आहेत. वाक्यात म्हणणं असलं की पहिल्या परिच्छेदाशिवाय दुसरा समजत नाही.

इथवर मी बरोबर होते. पुढे घाई केली.

आठवडा मध्यसत्राचा होता, टेबलावर चाळीस ड्राफ्ट होते, आणि ती तिसऱ्यांदा दारात उभी होती. मुंबईत वाढलेल्या माणसाची मतं माझ्याकडे तयार होतीच. मी म्हटलं, "असं लिही : संपाने गिरण्या मारल्या नाहीत, मालकांना त्या बंदच करायच्या होत्या, कारण त्यांचा डोळा जमिनीवर होता." तिने लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. वाक्याला धार होती, 'कारण' होतं, 'नाही' घालून भांडता येत होतं. माझ्या सगळ्या चाचण्यांत ते पहिलं आलं असतं.

सत्राच्या शेवटी आमच्याकडे मुलांचे निबंध दुसरा शिक्षकही वाचतो. त्या गृहस्थांना परळ कुठे आहे तेही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त निबंध वाचला आणि समासात लिहिलं : 'चौथ्या पानावर तू म्हणतेस की गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोकळी झाली. मग १९८२ साली मालकांच्या मनात जमीन होती, हे तुला कशावरून कळलं?'

तिच्याकडे उत्तर नव्हतं. कसं असणार? तो दावा तिचा नव्हताच. माझ्याकडे होतं का? माझ्याकडे चाळीतल्या ओट्यावरच्या गप्पा होत्या. मालकांच्या मनात जमीन असेलही. पण तिने वाचलेल्या कात्रणांत आणि अहवालांत तसं म्हणायला आधार नव्हता. १९९१ नंतर जे झालं ते तिने, म्हणजे मी, नऊ वर्षं मागे नेऊन १९८२च्या माणसांच्या डोक्यात घातलं होतं. ठाम वाक्य आणि भक्कम वाक्य यांत मी गल्लत केली होती. पाच पानांतला पुरावा पेलणार नाही इतकं वजन वाक्यावर ठेवलं की ते मोडतं, आणि मोडताना निबंधावर नाव असतं त्याच्याच अंगावर पडतं. ग्रेड उतरली. ती माझ्यासमोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, मला हे पटलं नव्हतं, पण तुम्ही सांगितलंत म्हणून."

वर्गातल्या खोलीत तिने मला मावशी म्हटलं, ती तेवढी एकच वेळ.

लगेच स्वतःच्या बाजूने बोलते : निबंध सुधारून द्यायची मुभा होती, आणि आम्ही तो परत काढला. या वेळी मी तिचा पहिलाच ड्राफ्ट शेवटून वाचला. हे मी आधीच करायला हवं होतं, कारण माणूस लिहीत लिहीत विचार करतो आणि त्याला काय म्हणायचंय ते बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदात सापडतं. पहिलं वाक्य मात्र जुनंच राहतं, काही सुचलेलं नसताना लिहिलेलं. तिच्या शेवटच्या परिच्छेदात आजोबांचं एक वाक्य होतं : 'आमच्या वतीने बोलायला कोण बसणार, हेच ठरेना.'

तिने ते भावनेसाठी घातलं होतं, पण सगळा निबंध त्यातच होता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६चा. त्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. संपावर गेलेले सुमारे अडीच लाख कामगार मात्र संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे. हा कायदा जावा, ही संपाची एक मागणीच होती. तीन दिवसांनी तिने आणलेलं वाक्य मी इथे उतरवते :

'संप लांबला त्याचं मोठं कारण कोणा एकाचा हट्ट हे नाही, १९४६चा कायदा हे आहे. कारण त्या कायद्याने तडजोड करायचा हक्क ज्यांना दिला त्यांच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना तो हक्क नव्हता.'

या वाक्याने किती गोष्टी बाहेर टाकल्या बघा. भिवंडीचे यंत्रमाग गेले, कुटुंबांचे हाल गेले, १९९१ गेलं. ते सगळं खोटं किंवा क्षुल्लक म्हणून नव्हे, या निबंधाचं काम नाही म्हणून. परिच्छेदांना आता क्रम आला : आधी कायदा काय म्हणतो, मग कामगार कुठे गेले, मग बोलणी कुठे अडली. मधला काढला तर तिसरा लंगडतो. आणि समोर शहाणा माणूस उभा राहतो. तो म्हणतो, कायदा हे निमित्त होतं, सरकारला इच्छा असती तर सामंतांशी बोलता आलं असतं, कायदाही बदलता आला असता. हा आक्षेप खरोखर जड आहे. तिने त्याला पाऊण पान दिलं आणि पुरतं उत्तर तिला देता आलं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

मग आता मला विचाराल, तुमच्या चाचण्यांचं काय? त्या मी अजून शिकवते. 'नाही' घालून बघ, परिच्छेद पिसून बघ. कच्चं वाक्य त्यांत लगेच पकडलं जातं. माझं ते जमिनीवरचं वाक्य मात्र दोन्हींतून सुटलं होतं. ते पकडायला पाचही पानं वाचावी लागतात आणि प्रत्येक दाव्याखाली, हे तुला कशावरून कळलं, असं विचारावं लागतं. चाळीस ड्राफ्टांना मी ते विचारते का? रात्री अकरानंतर नाही विचारत. तेव्हा मीही 'थीसिस?' एवढंच लिहिते आणि पुढचा कागद घेते. तुमच्या भाच्याच्या मास्तरांनी तेच केलं असेल.

आणि पहिल्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यातच थीसिस हवा, हा आमचा नियम आहे तो? दहा वर्षांपूर्वी मी तो भांडून राखला असता. त्या मुलीचा सुधारलेला निबंध आजोबांच्या वाक्याने सुरू होतो आणि तिचं म्हणणं दुसऱ्या पानावर येतं. मी समासात लिहिलं होतं, हे वर घे. तिने घेतलं नाही. त्यासाठी मी गुण कापले नाहीत, कापायला हवे होते असं अधूनमधून वाटतं, आणि तिच्या वाक्यातल्या 'मोठं कारण'मधलं 'मोठं' म्हणजे किती मोठं, हेही मला अजून तिला विचारायचंय.